रांगेत आधी कोण?

शासनाची एखादी नवी संगणकप्रणाली सुरू झाली की तीत दोष निघणार, हे गृहीतच धरावे लागते. एकाच वेळी शंभर दोष निघाले आणि दुरुस्त करणारे हात दहाच असले, तर आधी कोणता दोष घ्यायचा, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे हा प्रश्न 'तांत्रिक' ठरवून कंत्राटदाराच्या अभियंत्यांकडे सोपवला जातो आणि अधिकारी दर आठवड्याच्या बैठकीत 'किती बंद झाले' एवढेच विचारतो. हा प्रश्न तांत्रिक नाही. कोणाला थांबवायचे आणि कोणाला पुढे घ्यायचे, हा निवाडा प्रशासनाचा आहे. तो टाळण्यासाठी वापरले जाणारे सूत्र शास्त्रीय दिसते. पण त्याचा निकाल अन्यायाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूत्र साधे आहे. प्रत्येक दोषाला तीव्रतेचे एक ते पाच गुण द्यायचे, त्यांना बाधित वापरकर्त्यांच्या संख्येने गुणायचे आणि दुरुस्तीला लागणाऱ्या मनुष्यदिवसांनी भागायचे. ज्याचे उत्तर मोठे, तो दोष आधी. हे ऐकताना वाजवी वाटते. आता नुसते समजण्यापुरते आकडे घेऊ. मुखपृष्ठावर एक शब्द चुकीचा छापला गेला आहे. तीव्रता एक, पाहणारे वीस लाख, दुरुस्ती एका दिवसाची. उत्तर आले वीस लाख. दुसरीकडे एक प्रपत्र दाखलच होत नाही. तीव्रता पाच, अडलेले दोन हजार, काम वीस दिवसांचे. उत्तर आले पाचशे. म्हणजे शुद्धलेखनाची चूक ही दोन हजार लोकांच्या अडलेल्या पैशांपेक्षा चार हजार पट महत्त्वाची ठरली! तीव्रतेचे गुण पाचाऐवजी दहा केले तरी पाचशेचे हजारच होतात. तीव्रतेचे गुण एक ते पाच या पट्टीत अडकलेले असतात, तर माणसांची संख्या दहापासून कोटीपर्यंत पसरते. गुणाकारात लहान पट्टी बुडून जाते. सूत्रात तीव्रता लिहिलेली असते, पण निर्णय डोकी मोजूनच होतो.

हे कागदावरचे भय नाही, हे आयकर विभागाच्या नव्या संकेतस्थळाने २०२१ साली दाखवून दिले. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पासाठी ४,२४१.९७ कोटी रुपये मंजूर केले. विवरणपत्राच्या छाननीचा काळ ६३ दिवसांवरून एका दिवसावर आणणे, हे उद्दिष्ट सांगितले गेले. काम इन्फोसिसकडे गेले आणि ७ जून २०२१ रोजी संकेतस्थळ सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांना जाहीरपणे नाराजी व्यक्त करावी लागली.

ज्या कंपनीने ही प्रणाली बांधली तिचे मुख्यालय बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. तेथून होसूरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत लागते. या वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याची कल्पना करा. त्याने परदेशी यंत्रनिर्मात्याच्या तंत्रज्ञांची सेवा घेतली आहे आणि तिचे शुल्क पाठवायचे आहे. अशा रकमेसाठी त्या वेळी आयकर विभागाकडे '१५ सीए' हे प्रपत्र आणि ठरावीक मर्यादेवर सनदी लेखापालाचे '१५ सीबी' हे प्रमाणपत्र ऑनलाइन दाखल करावे लागे. त्याशिवाय बँक पैसे सोडत नसे. नव्या संकेतस्थळावर ही प्रपत्रे दाखल करण्यातच अडचणी येऊ लागल्या. हाच फटका पुण्यातली सदनिका विकून ते पैसे सिंगापूरला किंवा न्यू जर्सीला नेऊ पाहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही बसला. विवरणपत्र भरणाऱ्या कोट्यवधींच्या तुलनेत हे लोक मूठभर. डोकी मोजणाऱ्या सूत्रात त्यांचा क्रमांक कधी लागला असता, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

येथे विभागाने जे केले ते मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. १४ जून २०२१ रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने ही दोन्ही प्रपत्रे कागदावर भरून थेट बँकेत देण्याची मुभा दिली. ती आधी ३० जूनपर्यंत होती. पुढे १५ जुलै आणि नंतर १५ ऑगस्टपर्यंत वाढली. म्हणजे दोष तसाच असताना पर्यायी वाट काढून दिली. त्यामुळे दोषाची तीव्रता कमी झाली का? नाही. प्रपत्र दाखल न होणे हे तितकेच गंभीर राहिले. कमी झाली ती त्याची निकड. तीव्रता आणि निकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या बैठकांतून त्यांचीच सर्वाधिक गल्लत होते. शिवाय पर्यायी वाट फुकट नसते. हे कागद पुढे संकेतस्थळावर चढवून त्यांना क्रमांक द्यावा लागणार, हे मंडळाने त्याच वेळी सांगितले होते. जितके दिवस वाट चालू, तितका मागे साचणारा कागद जास्त; म्हणून वाट काढली की दोष यादीतून काढायचा नसतो, त्याच्यापुढे वाट बंद होण्याची तारीख लिहायची असते.

आता बाधितांची संख्या घेऊ. ती मोजायची कशी? संसदेत दिलेल्या माहितीनुसार संबंधितांकडून ७०० हून अधिक ई-पत्रे आली. त्यांत २,००० हून अधिक अडचणी मांडलेल्या होत्या आणि त्यांतले वेगळे प्रश्न निघाले ९०. म्हणजे तक्रारींचा आकडा हा दोषांचा आकडा नव्हे, आणि बाधितांचा तर मुळीच नव्हे. तक्रार करतो तो ज्याला तक्रार कशी करावी हे ठाऊक आहे, म्हणजे बहुधा शहरातला लेखापाल किंवा त्यांची संघटना. खरी संख्या प्रणालीच्या नोंदींत असते. 'दाखल करा' ही कळ किती जणांनी दाबली आणि त्यांपैकी किती जणांना पोचक्रमांक मिळाला नाही, हे तेथे कळते. किती जण तीनदा प्रयत्न करून निघून गेले, तेही कळते. ही वजाबाकी न मागता ई-पत्रांचा गठ्ठा मोजणारा अधिकारी मोठ्या आवाजालाच मोठी अडचण समजतो.

काही दोष तर असे असतात की त्यांची तक्रारच होत नाही. त्याच वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवली होती. तरीही जुनी तारीख उलटल्यावर काही करदात्यांकडून प्रणाली विलंबशुल्क आणि व्याज मागू लागली. हे शुल्क उत्पन्नाप्रमाणे एक हजार किंवा पाच हजार रुपये होते. १ ऑगस्टला प्रणाली दुरुस्त केली आहे आणि जादा घेतलेली रक्कम परत मिळेल, असे विभागाने ११ ऑगस्टला सांगितले. या दोषाचे स्वरूप पाहा. संकेतस्थळ बंद पडले तर माणूस थांबतो, चिडतो, पुन्हा येतो. चुकीचा आकडा मात्र हसतमुखाने समोर येतो आणि सामान्य करदाता 'सरकार म्हणते म्हणजे बरोबरच असेल' असे समजून पैसे भरून मोकळा होतो. म्हणून चूक उत्तर देणारी प्रणाली ही बंद पडलेल्या प्रणालीपेक्षा अधिक धोकादायक मानली पाहिजे. तसेच दुरुस्ती झाली म्हणजे हे प्रकरण संपत नाही. दरम्यान ज्यांच्याकडून पैसे घेतले गेले त्यांची यादी काढून परतावा देणे हेही त्याच दोषाच्या दुरुस्तीत मोजले पाहिजे.

तिसरे पद श्रमाचे. 'वीस दिवस लागतील' हा अंदाज कोण देतो? कंत्राटदार. आणि करारात तीव्रतेच्या श्रेणीप्रमाणे दंड असेल तर ती श्रेणी खाली आणण्यात हित कोणाचे? त्याचेच. विभाग याच्या उलट प्रत्येक दोषाला पहिली श्रेणी देतो, म्हणजे मग श्रेणीलाच अर्थ उरत नाही. या ओढाताणीत सोपे दोष पटापट बंद होतात, बैठकीतला आलेख चढतो आणि अवघड दोष महिनोन् महिने तळाशी राहतात. त्यातच मुदतीच्या आदल्या दिवशी घाईने घातलेली दुरुस्ती चालू भाग मोडू शकते. म्हणून श्रमात चाचणीचा काळ आणि हा धोका दोन्ही धरले पाहिजेत. श्रमाचा विचार जरूर करावा, पण तो शेवटी आणि समान गंभीर दोषांमध्येच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: सगळेच निवाड्यावर सोडले तर प्रत्येक खाते आपलाच दोष पुढे रेटेल, सूत्र निदान निःपक्षपाती तरी आहे. मीही सूत्र फेकून द्या म्हणत नाही; त्याच्या आधी दोन दारे उभी करा म्हणतो. पहिल्या दारावर विचारावे: या दोषाने पैशांचा चुकीचा हिशेब होतो का, नोंद नष्ट होते का, किंवा कोणाचा कायद्याने दिलेला हक्क बुडतो का? उत्तर 'होय' असेल तर बाधित दहा असोत वा दहा लाख, तो दोष रांगेतून बाहेर काढून तत्काळ हाती घ्यावा. दुसऱ्या दारावर विचारावे: पर्यायी वाट आहे का, ती कोणाला खरोखर चालता येते आणि ती कधी संपते? या दोन्ही दारांतून जे उरतील, त्यांना खुशाल गुणाकार-भागाकार लावावा.

'कोणाला चालता येते' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. परदेशातल्या माणसाचा भारतीय मोबाइल क्रमांक बंद झालेला असतो, त्यामुळे आधारचा संकेतांक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्यासाठी पडताळणीची एक वाट म्हणजे सही केलेली पोचपावती टपालाने बंगळूरच्या केंद्राकडे पाठवणे. पूर्वी त्यासाठी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून ते ३० झाले. प्रणालीतली एक ओळही बदलली नाही, पण परदेशी टपालावर अवलंबून असलेल्या माणसाची वाट एका अधिसूचनेने अरुंद झाली. ज्या दिवशी नियम बदलतो, त्या दिवशी दोषांची यादी पुन्हा लावावी लागते. हे अभियंत्याला कसे कळणार? त्याच्याकडे अधिसूचनेची प्रत येत नाही. ती आपल्या टेबलावर असते.

म्हणून यापुढच्या प्रत्येक करारात तीव्रतेची श्रेणी ठरवण्याचा अधिकार नावानिशी एका अधिकाऱ्याकडे असावा. प्रत्येक दोषापुढे बाधितांची नोंदींतून काढलेली संख्या, पर्यायी वाट आणि ती संपण्याची तारीख लिहिलेली असावी, आणि जो दोष मागे ठेवला त्याचे कारण त्या अधिकाऱ्याच्या सहीने नस्तीवर असावे. कोणाला थांबवले हे सही करून सांगावे लागले, म्हणजे मूठभर माणसांची संख्याही आपोआप मोठी दिसू लागते.