समूहाचे नाव एक, कंपन्या अनेक : सूत्रधारी कंपनी ओळखायची कशी?

जे. पी. नगर, बंगळूर – विजय मल्ल्या यांच्या कर्जप्रकरणाच्या बातम्या गेली अनेक वर्षे प्रसिद्ध होत आहेत. त्यांत 'मल्ल्या यांची कंपनी' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. मात्र बंगळूरमधील यूबी समूहात एकच कंपनी कधीच नव्हती. किंगफिशर एअरलाइन्सची विमाने ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली, पण किंगफिशर बिअर आजही विकली जाते. एकाच नावाची एक वस्तू बुडाली आणि दुसरी टिकली. याचे कारण समूहाच्या रचनेत आहे, आणि ती रचना वाचण्यासाठी सूत्रधारी कंपनी व प्रत्यक्ष उद्योग चालवणारी कंपनी यांतील भेद कळणे आवश्यक आहे.

'सूत्रधारी कंपनी' ही संज्ञा मराठी वाचकांना अपरिचित नाही. जून 2005 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले, तेव्हा वीज निर्माण करणारी महानिर्मिती, ती वाहून नेणारी महापारेषण आणि ग्राहकांना पुरवणारी महावितरण अशा तीन कंपन्या झाल्या. या तिघींचे भाग ज्या चौथ्या कंपनीकडे गेले, तिच्या नावातच 'सूत्रधारी' हा शब्द आहे. ग्राहकाला विजेचे देयक येते ते महावितरणकडून. सूत्रधारी कंपनी कोणालाही वीज विकत नाही.

नावावरून निष्कर्ष नको

यूबी समूहात हा भेद इतका उघड नव्हता. शेअर बाजारात युनायटेड ब्रुअरीज लिमिटेड आणि युनायटेड ब्रुअरीज होल्डिंग्ज लिमिटेड अशी दोन जवळजवळ सारखी नावे होती. पहिली कंपनी बिअर तयार करते. दुसरीकडे समूहातील कंपन्यांचे भाग, बंगळूरच्या यूबी सिटीसारख्या मालमत्तेतील हिस्सा आणि निर्यात व्यापारासारखे काही व्यवसाय होते. 'ब्रुअरीज' हा शब्द दोन्ही नावांत होता, बिअरचा कारखाना मात्र पहिलीकडेच होता.

नावावर विसंबता येत नसेल, तर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा. त्यात हिशेबाचे दोन संच असतात. एक त्या कंपनीचा स्वतंत्र, दुसरा उपकंपन्यांसह एकत्रित. एकत्रित हिशेबात उपकंपन्यांची विक्री मिळवलेली असते. त्यामुळे स्वतः काहीही न विकणारी सूत्रधारी कंपनीही मोठ्या उलाढालीची भासते. म्हणून आधी स्वतंत्र हिशेब पाहावा.

स्वतंत्र नफा-तोटा पत्रकात उत्पन्न कोठून आले, हे पाहिले की बहुतेक उलगडा होतो. उद्योग चालवणाऱ्या कंपनीत पहिली ओळ मालाच्या किंवा सेवेच्या विक्रीची असते. तिच्या खाली कच्चा माल, वेतन, इंधन व वाहतूक असे खर्च येतात. सूत्रधारी कंपनीचे उत्पन्न मुख्यतः लाभांश, व्याज, भाडे किंवा नाममुद्रेच्या वापराचे शुल्क अशा स्वरूपाचे असते. ताळेबंदही तेच सांगतो. एकीकडे यंत्रसामग्री, मालसाठा आणि ग्राहकांकडील येणी दिसतात, तर दुसरीकडे 'उपकंपन्या व सहयोगी कंपन्यांतील गुंतवणूक' हाच सर्वांत मोठा आकडा असतो. रिझर्व्ह बँकेचा निकष याच तत्त्वावर बेतलेला आहे. ज्या कंपनीच्या निव्वळ मालमत्तेपैकी किमान 90 टक्के भाग स्वतःच्या समूहातील कंपन्यांत गुंतलेला असतो आणि किमान 60 टक्के भाग त्यांच्या समभागांत असतो, तिला ती 'मूळ गुंतवणूक कंपनी' या वर्गात धरते.

प्रत्यक्षात मिश्र कंपन्याही असतात. यूबी होल्डिंग्जचेही काही व्यवसाय होते. अशा वेळी व्यवसाय आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. कंपनीचे मूल्य त्या व्यवसायातून येते की तिच्याकडील भागांतून, हे पाहावे लागते.

हमीची टीप

हा भेद महत्त्वाचा ठरतो तो कर्जाच्या प्रश्नात. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. एका कंपनीचे कर्ज आपोआप दुसरीचे होत नाही. किंगफिशर एअरलाइन्स बुडाली तरी केवळ त्या कारणाने बँकांना सूत्रधारी कंपनीकडे जाता आले नसते. सूत्रधारी कंपनीचे नुकसान तिने विमान कंपनीत घातलेल्या रकमेपुरते मर्यादित राहिले असते.

तसे झाले नाही. यूबी होल्डिंग्जने विमान कंपनीच्या कर्जांना हमी दिली होती. हमी दिल्याक्षणी ताळेबंदात कर्ज म्हणून दिसत नाही. ती शेवटच्या पानांवरील 'संभाव्य दायित्वे' या टिपेत नोंदलेली असते. मूळ कर्जदाराने पैसे थकवले की मात्र तीच रक्कम हमीदाराकडून मागता येते. जानेवारी 2017 मध्ये बंगळूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने 6203 कोटी रुपये 11.5 टक्के व्याजासह वसूल करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यात विमान कंपनी व मल्ल्या यांच्याबरोबर यूबी होल्डिंग्जचाही समावेश होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ही कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

बिअर कंपनीचे काय झाले, हे पाहिले की रचनेचा अर्थ स्पष्ट होतो. तिचे कारखाने लिलावात निघाले नाहीत, कारण ते कर्ज तिचे नव्हते. विक्रीला निघाले ते मल्ल्या व त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे असलेले तिचे भाग. जून 2021 मध्ये वसुली अधिकाऱ्यांमार्फत सुमारे 5824 कोटी रुपयांचे भाग विकले गेले. हायनेकेन या डच कंपनीचा हिस्सा त्यातून सुमारे 46.5 टक्क्यांवरून 61.5 टक्क्यांवर गेला. मालक बदलला, उत्पादन चालू राहिले.

सामान्य भागधारकांच्या वाट्याला काय आले, हेही यातून कळते. बिअर कंपनीचा भाग ज्याच्याकडे होता, तो चालत्या उद्योगाचा भागीदार राहिला. होल्डिंग्जचा भाग घेणाऱ्याला वाटत होते की आपण त्याच बिअरमध्ये स्वस्तात वाटा घेत आहोत. प्रत्यक्षात त्याच्या आणि बिअरच्या नफ्याच्या मध्ये एक कंपनी उभी होती, आणि त्या कंपनीने विमानांच्या कर्जाला हमी दिलेली होती. कंपनी गुंडाळताना आधी धनकोंचे देणे फेडले जाते. उरले तरच भागधारकांना काही मिळते.

सूत्रधारी कंपनीचे भाग तिच्याकडील गुंतवणुकीच्या बाजारमूल्यापेक्षा बऱ्याच कमी भावाने विकले जातात, हे भारतीय बाजारात नेहमी दिसते. ही सूट म्हणजे आपोआप मिळालेला लाभ नव्हे. वरच्या कंपनीकडे पैसा येतो तो खालच्या कंपनीने आपली देणी भागवून लाभांश जाहीर केला तरच, आणि आलेला पैसा कोठे वळवायचा हे प्रवर्तक ठरवतात. म्हणून ही सूट पाहताना संभाव्य दायित्वांची टीप शेजारी ठेवावी. तिथे दिलेल्या हमींची बेरीज कंपनीच्या निव्वळ मत्तेच्या जवळ जात असेल, तर त्या कंपनीचे भवितव्य तिच्या सर्वांत उत्तम उद्योगावर नव्हे, तर सर्वांत दुर्बळ उद्योगावर अवलंबून आहे.