शू कधी केली?

रविवारी शिवनेरी उतरून नारायणगावात जेवायला थांबलो, तर मैत्रिणीच्या दीड वर्षाच्या पिल्लाला जुलाब. सकाळपासून पाच वेळा! समोरच्या मेडिकलमध्ये मी ऐटीत म्हटलं, "काका, लूज मोशन थांबवायची गोळी द्या."

"कोणाला? वय काय?" मग प्रश्नांची सरबत्तीच. शीत रक्त आहे? उलट्या? ताप? पाणी पितोय? आणि शेवटी, "शू कधी केली?"

"तासाभरापूर्वी," मैत्रीण म्हणाली. काकांचा चेहरा सैलावला.

"ती गोळी आतडं सुस्त करते, एवढ्या लहानाला द्यायची नसते. खरा धोका अंगातलं पाणी जाण्याचा. सहा तास शू नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं किंवा शीत रक्त दिसलं, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरकडे जायचं."

मग हातात आलं ओआरएसचं मोठं पाकीट आणि झिंकच्या गोळ्या. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात घातलं तर ते फार खारट होतं आणि उलट त्रास वाढतो. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. उरलेलं 24 तासांनी फेकायचं. झिंक रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस. आईचं दूध आणि मऊ भात चालूच.

आम्ही तिथेच लिटरची बाटली घेतली आणि चमचा सुरू केला. मंचरला गाडी थांबवून पाहिलं, तर डायपर ओला! सांगते, अप्रेझलच्या दिवशीही इतकी खूश झाले नव्हते.