वरच्या मजल्याला तारच हवी

वाय-फाय खालच्या मजल्यावर उत्तम चालते, पण वर पोचत नाही, अशी तक्रार अनेक घरांत ऐकू येते. त्यावर बाजारात सुचवला जाणारा उपाय म्हणजे रिपीटर. तो वर ठेवला, की मोबाइलवर संकेताच्या सगळ्या रेघा दिसू लागतात. माझ्या मते मात्र तार ओढणे शक्य असेल तेथे हा मार्ग धरू नये.

साधा रिपीटर एकाच चॅनलवर खालच्या राउटरकडून ऐकतो आणि मोबाइलशी बोलतो. बोलताना त्याला ऐकता येत नाही, कारण त्याचा स्वतःचा आवाज लांबून आलेल्या क्षीण संकेताच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते: आधी एक टप्पा, मग दुसरा.

आता गणित करू. समजा, काँक्रीटच्या स्लॅबमुळे राउटर ते रिपीटर हा वेग सेकंदाला 60 मेगाबिट उरला आहे. रिपीटर ते मोबाइल हा वेग 240 आहे. 240 मेगाबिटांची फाइल पहिल्या टप्प्याला 4 सेकंद घेईल आणि दुसऱ्याला 1 सेकंद. एकूण 5 सेकंद, म्हणजे प्रत्यक्ष वेग फक्त 48! रेघा मात्र पूर्ण दिसतात, कारण त्या केवळ जवळच्या टप्प्याची ताकद दाखवतात. दुबळा टप्पा मध्ये लपलेला असतो. तो ओळखायचा तर आधी राउटरजवळ आणि मग रिपीटरजवळ उभे राहून वेग मोजावा. रेघा सारख्या, पण वेग निम्म्याहून कमी आला, तर दोष मधल्या दुव्याचा आहे.

तेथे तार आली, की चित्र पालटते. कॅट-5ई केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असतात. पिळामुळे बाहेरचा व्यत्यय जोडीतील दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ही केबल 100 मीटरपर्यंत सेकंदाला 1000 मेगाबिट दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहते. हवेतील टप्पा एकच उरतो. घरातील इंटरनेट जोडणी 100 मेगाबिटांची असेल, तर वरही जवळपास तेवढाच वेग मिळेल.

वर जुना राउटर वापरायचा असेल, तर त्यातील DHCP बंद करावे, म्हणजे पत्ते वाटणारा एकच राहील. केबल त्याच्या LAN खाचेत लावावी. 2.4 गिगाहर्ट्झवर खाली चॅनल 1 असेल, तर वर 6 किंवा 11 ठेवावा. केबल जोडूनही वेग 100 च्या पुढे जात नसेल, तर एखादी जोडी तुटली आहे का, ते पाहावे.

भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, हे खरे. तेथे दुव्यासाठी स्वतंत्र रेडिओ असलेली उपकरणे घ्यावीत. त्याने निम्मेपणा टळतो, पण स्लॅब तेथेच राहतो. दोन वेगळ्या इमारतींमध्ये मात्र तांब्याची केबल नको. विजेच्या धोक्यामुळे तेथे प्रकाशतंतूच घालावा.