छत्तीस ओळींचं दरपत्रक आणि सहा स्लाइड

तुळशीचं लग्न लागलं की उपनगरांतल्या लेडीज टेलरांकडे ब्लाउजांची रीघ लागते आणि त्याच्या आधी महिनाभर आपल्याकडे, म्हणजे डिझाइनवाल्यांकडे, त्यांचे फोन सुरू होतात. दुकानात लावलेल्या लॅमिनेटेड दरपत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, खाली निरोप असतो, "याचं इन्स्टासाठी छान काहीतरी करून द्या." घाटकोपर असो की बोरिवली, त्या कागदावर साधारण तीस-चाळीस ओळी असतात. आपल्यातले बरेच जण तो कागद चार-पाच तुकड्यांत कापतात, मागे फुलांची नक्षी घालतात आणि पाठवून देतात. या अंकात त्या कागदाबद्दलच लिहायचं आहे, कारण कॅरूसेल बिघडतं ते रंगांमुळे नव्हे. न उलगडलेला कागद तसाच स्लाइडवर चढवला, की ते बिघडतं.

छत्तीस ओळींचं ब्लाउजचं दरपत्रक नीट वाचा. बिनअस्तर, बिनअस्तर पायपिंग, बिनअस्तर पायपिंग डोरी, अस्तर, अस्तर पायपिंग, अस्तर पायपिंग डोरी, प्रिन्सेस कट, प्रिन्सेस कट पॅडेड... यात वेगवेगळ्या वस्तू छत्तीस नाहीतच. मूळ शिलाई तीन प्रकारची आहे आणि तिच्यावर चढणारी जादा कामं पाच-सहा आहेत. बाकी सगळ्या ओळी या दोहोंच्या बेरजा आहेत. टेलर काउंटरवर पावती फाडतो तेव्हा तोही हीच बेरीज करतो. म्हणून काम सुरू करण्याआधी दुकानाचं पावतीपुस्तक मागून घ्या आणि मागच्या एखाद्या महिन्याच्या पावत्या चाळा. कोणती शिलाई सर्वांत जास्त जाते, कोणतं जादा काम वरचेवर लागतं आणि दरपत्रकातल्या कोणत्या ओळी महिनाभरात कुणी मागितल्याच नाहीत, हे तिथे दिसतं. न मागितलेल्या ओळी स्लाइडवर नकोत. त्या काउंटरवरच्या कागदावर राहू द्या.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे केवळ नमुन्याचे आहेत. बिनअस्तर ब्लाउज ₹350, अस्तराचा ₹600, प्रिन्सेस कट पॅडेड ₹950. जादा कामांत पायपिंग ₹80, डोरी-लटकन ₹60, लेस लावणं ₹50, पाठीला कटआऊट ₹150. पहिल्या स्लाइडवर "ब्लाउज शिलाईचे दर", दुकानाचं नाव आणि "घाटकोपर पूर्व" एवढं पुरे. दुसऱ्या स्लाइडवर तीन शिलाया, त्यांचे तीन आकडे आणि प्रत्येकीखाली तिच्यात काय धरलं आहे याची एकच ओळ. अस्तराचं कापड दुकानाचं की गिऱ्हाइकाचं, पॅडचे पैसे आत की वेगळे, हे याच ओळीत स्पष्ट हवं. काउंटरवर वाद होतात ते बहुतेक याच दोन प्रश्नांवर. पहिल्या स्लाइडवर थांबून पुढे गेलेल्यांना इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना अनेकदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं, त्यामुळे मुख्य दर तिथेच असावेत.

तिसऱ्या स्लाइडवर तिन्ही प्रकारचे फोटो, एकाच डमीवर आणि एकाच कोनातून काढलेले. फोटो दुकानात शिवलेल्या ब्लाउजांचेच हवेत. इंटरनेटवरून उचललेला भरतकामाचा ब्लाउज "अस्तर ₹600" या ओळीशेजारी ठेवला, तर बाई तोच फोटो दाखवून त्याच दरात तसाच ब्लाउज मागणार आणि तिचं मुळीच चुकलेलं नसेल. चौथ्या स्लाइडवर जादा कामं, प्रत्येक आकड्याआधी अधिकचं चिन्ह. पाचव्यावर एक हिशेब मांडलेला: पैठणीवरचा अस्तराचा ब्लाउज 600, पायपिंग 80, डोरी-लटकन 60, एकूण ₹740. ही स्लाइड कुणी सहसा करत नाही, पण जोड कशी लावायची ते इथेच कळतं. सहाव्यावर शिवून मिळायला लागणारे दिवस, अर्जंटचे पैसे, आगाऊ रक्कम आणि पत्ता.

या तीन शिलायांना सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं देण्याचा मोह आवरा. अस्तराच्या ब्लाउजला दुप्पट कापणी आणि जास्त शिवण लागते, प्रिन्सेस कटला तुकडे वाढतात, पॅड बसवायला वेळ जातो. दर चढण्याचं कारण कामात आहे आणि गिऱ्हाईक बायका ते काम नावानिशी ओळखतात. "गोल्ड" म्हटलं की फोन करून विचारावं लागतं.

अक्षरांच्या आकाराचा हिशेब मात्र मिलिमीटरमध्ये करा. 1080 पिक्सेल रुंदीची स्लाइड फोनवर साधारण सात सेंटिमीटरांत मावते. म्हणजे 44 पिक्सेलचं अक्षर छपाईतल्या सुमारे 8 पॉइंटइतकं दिसतं. लॅमिनेटेड कागद जसाच्या तसा उतरवला, तर अक्षर 20 पिक्सेलच्या आसपास येतं, म्हणजे चार पॉइंटांपेक्षाही लहान. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभ्याने ते कोण वाचणार? देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. शीर्षक आणि तळाची पट्टी वगळली, तर 1350 उंचीच्या स्लाइडवर मोकळेपणाने पाच-सहा ओळी बसतात. सातवी घुसवावी लागली, तर तिला दुसरी स्लाइड द्या. आकडे उजवीकडे एका रेषेत लावा. प्रोफाइलच्या जाळीत आता 3:4 चं चित्र दिसतं, त्यात 1080 × 1350 च्या स्लाइडचे दोन्ही बाजूंचे सुमारे 34 पिक्सेल कापले जातात. पहिल्या स्लाइडचं शीर्षक कडेपासून तेवढं तरी आत घ्या.

हीच रीत सलोनच्या दरपत्रकाला लावली, तर तीन पायऱ्या बहुधा केसांच्या लांबीवर ठरतात. तिथे "मीडियम" लिहून भागत नाही. खांद्यापर्यंत, खांद्याखाली, कमरेपर्यंत अशी तीन रेखाचित्रं काढा. आणि जुन्या पोस्ट तपासायला सांगा. 22 सप्टेंबर 2025 पासून सलोन सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. जीएसटी लावणाऱ्या सलोनच्या स्लाइडवर "अधिक 18 टक्के" राहिलं असेल, तर ते आज खोटं आहे.

प्रकाशित झालेल्या स्लाइडमधला आकडा बदलता येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली जुनी स्लाइड परत बोलावता येत नाही. म्हणून दर असलेल्या प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात "नोव्हेंबर 2025 पासून लागू" असं लिहा, फक्त पहिल्या स्लाइडवर नव्हे, कारण लोक हवी ती एकच स्लाइड स्क्रीनशॉट काढून बहिणीला पाठवतात. फोटोंच्या स्लाइडवर दर घालू नका, ती वर्षभर चालते. टेलरला दर वारंवार बदलावे लागत असतील, तर आकडे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही भरून द्या. तिथे ते टेलरला स्वतः दुरुस्त करता येतात.

पाठवण्यापूर्वी दुकानात बसलेल्या दोन-तीन बायकांना फोन हातात द्या आणि विचारा, "तुमच्या हातातल्या या ब्लाउजपीसचे किती होतील?" उत्तर टेलरच्या हिशेबाशी जुळलं नाही, तर बोट कोणत्या स्लाइडवर अडखळलं ते बघा. आमच्या पाहण्यात ते बहुतेक वेळा अस्तराच्या ओळीवर अडखळतं.