शस्त्रक्रिया नागपुरात, नोंदणी सेलूत

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता केवळ मुंबई-पुण्यातील श्रीमंतांची राहिलेली नाही. वर्धा-नागपूर मार्गावरील सेलूसारख्या गावातील तरुणीही नागपुरात जाऊन ती करून घेऊ शकते. मात्र पुढे दिवस गेले की तिची नोंदणी गावच्या आरोग्यसेविकेकडे होते. नोंदणीच्या वेळी आधीचे सिझेरियन, रक्तदाब, मधुमेह, झटके हे सारे विचारले जाते. ‘पोटावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बाईही आपणहून सांगत नाही. जाड होते, ऑपरेशन करून बारीक झाले, हे सासरी सांगायचे नसते. या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे पुढची बरीच देखभाल चुकीच्या गृहीतकावर चालते.

हे कसे घडते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. सेलू तालुक्यातील २९ वर्षांची एक स्त्री, वजन १०४ किलो. लग्नाला सहा वर्षे झालेली, पीसीओएसमुळे पाळी अनियमित, मूल नाही. जानेवारीत तिची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया होते. यात जठराची लहानशी पिशवी शिल्लक ठेवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. जुलैपर्यंत वजन ८० किलोवर येते आणि पाळी नियमित होते. ‘आपल्याला मूल होत नाही’ या समजुतीमुळे संततिनियमनाचा विचारच होत नाही. ऑक्टोबरमध्ये दिवस जातात.

पहिली अडचण इथेच आहे. वजन उतरू लागले की बीजनिर्मिती सुधारते आणि गर्भधारणेची शक्यता अपेक्षेपेक्षा लवकर वाढते. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबावे, असा सल्ला दिला जातो. या काळात वजन वेगाने घटत असते, म्हणजे शरीर एका अर्थाने उपासमारीत असते. वजन स्थिरावून साठे भरेपर्यंत बाळाची मागणी त्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच याची खात्री नसते. म्हणून तांबीसारखे पोटातून न जाणारे साधन अधिक भरवशाचे. ते शस्त्रक्रियेआधीच ठरवले पाहिजे. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला किती थांबायचे हे वयाकडे पाहूनच ठरवावे लागते. आणि मुदतीआधी दिवस गेलेच, तर तेवढ्या कारणासाठी गर्भपाताची गरज नसते. लक्ष मात्र अधिक द्यावे लागते.

आता या बाईची तपासणी होते. हिमोग्लोबिन १०.२. आपल्याकडे हा आकडा इतका नेहमीचा आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. तिला नेहमीप्रमाणे लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. महिनाभराने हिमोग्लोबिन तेवढेच असते आणि ‘गोळ्या घेत नसशील’ असे बोलणे तिला ऐकावे लागते. ती तर रोज घेत असते. पण लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते, तोच भाग बायपासने वगळलेला असतो. लोह विरघळण्यासाठी लागणारे आम्लही कमी झालेले असते. त्यात ती दोन्ही गोळ्या एकदम, जेवणानंतर चहासोबत घेत असेल, तर उरलेसुरले शोषणही घटते. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. फेरिटिन तपासून साठा रिकामा दिसला आणि गोळ्यांनी फरक पडत नसला, तर तिसरा महिना संपल्यावर शिरेतून लोह द्यावे. कॅल्शियमचेही तसेच. सरकारी गोळीतील कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागते, सायट्रेट प्रकाराला ते तितकेसे लागत नाही.

बी-१२ची गोष्ट अधिक फसवी आहे. जठर लहान झाले की ते शोषायला लागणारा घटकही कमी पडतो. शाकाहारी घरात साठा आधीच तुटपुंजा असतो. फॉलिक अॅसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ची कमतरता झाकली जाऊन नसांचे नुकसान चालूच राहते. पायाला मुंग्या येणे, चालताना तोल जाणे याला ‘गरोदरपणातला अशक्तपणा’ म्हणू नये. साध्या मल्टिव्हिटॅमिन गोळीवर न विसंबता बी-१२ इंजेक्शनने देणे अशा स्त्रीला योग्य. रक्त, फेरिटिन, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दर तिमाहीला पाहावे. बायपास झालेल्यांत अ जीवनसत्त्वही पाहावे. ते द्यायचे झाले तर बीटा-कॅरोटिनच्या रूपात, कारण रेटिनॉलची मोठी मात्रा गर्भाला घातक असते.

मग येते साखरेची तपासणी. सरकारी पद्धतीनुसार प्रत्येक गर्भवतीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर मोजतात. बायपास झालेल्या स्त्रीच्या पोटात हे गोड पाणी थांबत नाही, ते थेट आतड्यात उतरते. अर्ध्या तासात घाम, धडधड, कळा, जुलाब सुरू होऊ शकतात. नंतर इन्शुलिन जास्त स्रवून साखर एकदम खाली येते. दोन तासांनी मिळणारा आकडा मग दिलासा देणारा, पण चुकीचा असू शकतो. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान एक आठवडा ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर साखर पाहावी. उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत, हा साधा निकष.

दोन लक्षणांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पहिले, सतत उलट्या. सुरुवातीच्या महिन्यांत त्या नेहमीच्याच, म्हणून ग्लुकोजची सलाइन लावली जाते. पण आधीच बी-१चा, म्हणजे थायमिनचा, साठा संपलेल्या स्त्रीला नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम पाळला पाहिजे. डोळ्यांपुढे दुहेरी दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे बोलणे या धोक्याच्या खुणा आहेत. दुसरे, पोटाच्या वरच्या भागात कळा. बायपासनंतर पोटात राहिलेल्या फटीत आतडे अडकू शकते आणि वाढते गर्भाशय आतड्याला वर ढकलते. त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. अशा स्त्रीला सर्जन असलेल्या रुग्णालयातच न्यायला हवे. सेलूकरांसाठी वर्धा, सावंगी आणि सेवाग्राम त्या मानाने जवळ आहेत.

ही शस्त्रक्रिया वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात, जो २०१५ साली प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेह आणि अतिवजनाची बाळे कमी आढळली. कमी वाढीची बाळे मात्र जास्त आढळली. म्हणून २८ आठवड्यांनंतर बाळाची वाढ दर महिन्याला सोनोग्राफीवर पाहणे योग्य.

यासाठी नवे यंत्र किंवा नवी योजना लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावर एक प्रश्न वाढवावा आणि तो आरोग्यसेविकेने बाईला एकटीला विचारावा, सासूसमोर नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने मूल होण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीला घरी पाठवताना मराठीत एक पान द्यावे: शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, कधीपर्यंत थांबायचे, कोणती इंजेक्शने चालू ठेवायची आणि गोड पाण्याची तपासणी का टाळायची. नागपूरच्या सर्जनला माहीत असलेली गोष्ट सेलूच्या सिस्टरच्या हाती त्या कागदानेच पोहोचू शकते.