रोबस्टा कडूच असते, हे कुणी ठरवलं?

कॉफीच्या पाकिटावर '१०० टक्के अरेबिका' असं ठळक अक्षरांत छापलेलं तुम्ही कितीतरी वेळा वाचलं असेल. वाचून आपण काय धरून चालतो? अरेबिका म्हणजे भारी, आणि रोबस्टा म्हणजे स्वस्तातली भरताड. आता त्याच शेल्फवर 'फाइन रोबस्टा' नावाचं पाकीट दिसायला लागलंय आणि त्याची किंमत कधीकधी अरेबिकाच्या बरोबरीची असते. मग शंका येणारच, जुन्याच मालाला हे नवं लेबल तर नाही?

माझं म्हणणं असं की शंका घ्या, पण योग्य ठिकाणी घ्या. रोबस्टाची बदनामी झाली ती झाडामुळे कमी आणि तिच्याशी आपण जसं वागलो त्यामुळे जास्त.

झाडाचा वाटा आहे, हे आधी मान्य करू. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं आणि साखर कमी. म्हणून ती जास्त कडू, जास्त दाट आणि कमी आंबट लागते. हा तिचा स्वभाव झाला. पण ओल्या गोणपाटाचा वास, मातकट चव, जळलेल्या रबरासारखा शेवट हा काही तिचा स्वभाव नाही. या गोष्टी तोडणीत, वाळवणीत आणि भाजणीत घुसतात.

त्या कशा घुसतात, हे बघायला लांब जायची गरज नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के रोबस्टाच आहे, आणि तिचा मोठा भाग शेजारच्या कर्नाटकात, कूर्ग-चिकमगळूरच्या डोंगरांत पिकतो. हिवाळ्याच्या अखेरीला तिथल्या एकाच फांदीवर हिरवी, लाल आणि सुकून काळी पडलेली अशी तिन्ही प्रकारची फळं सापडतात. स्वस्त माल काढायचा तर खाली ताडपत्री अंथरायची आणि फांदी एका हाताने ओरबाडायची. सगळं एकत्र पडतं, जमिनीवर जाड थरात वाळत घातलं जातं. वेळेवर हलवलं नाही की आतली फळं कुबट होतात, बुरशी धरतात. हिरव्या फळातलं बी कच्चंच राहतं, त्याची चव तुरट. हे सगळं झाकायला कॉफी काळीकुट्ट भाजायची, म्हणजे वर जळकट चवीचा एक थर. झाली आपली 'कडू रोबस्टा' तयार.

आता त्याच मळ्यात दुसरा रस्ता बघा. फक्त लाल फळं वेचायची, त्यासाठी एकाच झाडाकडे दोन-तीनदा यायचं. फळं पाण्यात टाकायची. किडलेली, पोकळ फळं वर तरंगतात, ती काढून टाकायची. मग साल काढायचं. सालाखाली बुळबुळीत, चिकट गर असतो आणि रोबस्टात तो अरेबिकापेक्षा जाड असतो. टाकीत आंबवून आणि धुऊन तो पूर्ण काढावा लागतो. घाई केली तर गर उरतो, जास्त वेळ ठेवलं तर व्हिनेगरसारखा वास येतो. शेवटी जाळीच्या उंच मांडवांवर पातळ थरात वाळवून बियांतला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आणायचा. चार-पाच किलो फळांमधून जेमतेम एक किलो बी मिळतं, आणि त्यातूनही खराब बी हाताने निवडायचं. 'कापी रॉयल' या नावाने भारताची जी उंची धुतलेली रोबस्टा परदेशात जाते, ती याच वाटेवरची. चांगल्या एस्प्रेसो ब्लेंडमध्ये धुतलेल्या भारतीय रोबस्टाला मान आहे तो यामुळेच.

मग 'फाइन' कुणाला म्हणायचं? युगांडा हे रोबस्टाच्या मूळ घरांपैकी एक. तिथल्या कॉफी संस्थेसोबत २०१० मध्ये रोबस्टासाठी वेगळे नियम तयार झाले. ३५० ग्रॅम हिरव्या बियांत काळी, आंबलेली यांसारखा एकही मोठा दोष नको, छोटे दोष पाचच्या वर नकोत. शिवाय चवीच्या परीक्षेत १०० पैकी किमान ८० गुण हवेत. गंमत त्या परीक्षेच्या पेपरात आहे. अरेबिकाला आंबटपणाचे गुण मिळतात. रोबस्टाला मात्र दोन जोड्यांवर तपासतात, खारटपणासमोर आंबटपणा किती आणि कडवटपणासमोर गोडवा किती. म्हणजे कडू असल्याबद्दल तिला नापास करत नाहीत. कडूसोबत गोड आहे का, एवढंच विचारतात.

हाच प्रश्न तुम्ही घरी विचारू शकता. १०० ग्रॅमचं छोटं पाकीट घ्या. त्यावर मळ्याचं किंवा निदान भागाचं नाव, धुतलेली की फळासकट वाळवलेली, आणि भाजल्याची तारीख आहे का बघा. चिकोरी असेल तर पाकिटावर टक्के लिहिलेले असतात. ते पाकीट ठेवून द्या, त्यात रोबस्टाची परीक्षा होणारच नाही. फार काळी भाजलेलीही नको.

दोन कप घ्या. एकात ही, दुसऱ्यात घरातली नेहमीची कॉफी पावडर, इन्स्टंट नव्हे. प्रत्येकी १२ ग्रॅम जाडसर पूड आणि २०० मिली नुकतंच उकळलेलं पाणी. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडा, तेव्हा वास घ्या, मग फेस काढून टाका. साखर-दूध नको. कोमट झाल्यावर चमच्याने भुरका मारा.

चांगल्या रोबस्टात कोको, भाजलेले दाणे, गुळाची आठवण करून देणारा गोडवा सापडतो. जिभेवर ती सायीसारखी जड वाटते. कडवटपणा येतो, पण डार्क चॉकलेटसारखा येऊन जातो. घोट गिळल्यावरही घशाशी औषधासारखा चिकटून बसला, किंवा मचूळ पाण्यासारखं खारट लागलं, तर समजा गडबड आहे. खरी परीक्षा कप गार झाल्यावर होते. गरमपणात लपलेला रबर, माती, धूर तेव्हा वर येतो. गार कपही प्यावासा वाटला तर पैसे वसूल. मग दूध घालून बघा. दुधातही तिची चव बुडत नाही आणि साखर नेहमीपेक्षा कमी पुरते. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री तिसरा कप भरताना ते दुप्पट कॅफीन लक्षात ठेवा.

आता तो किमतीचा मुद्दा. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात साध्या रोबस्टाचेच भाव विक्रमी चढले. ओरबाडलेल्या मालाला चांगला पैसा मिळत असेल, तर मळेवाल्याने तीन-तीनदा मजुरी देऊन लाल फळं का वेचायची? 'फाइन' म्हणून दिलेली जास्तीची रक्कम त्या मजुरीसाठी आहे. ती द्यायला माझी ना नाही. पण मळ्याचं नाव, प्रक्रिया, तारीख यातलं काहीच न छापता नुसतं 'स्पेशालिटी' लिहिणाऱ्याला ती का द्यावी? पुढच्या वेळी कॅफेत 'आमची १०० टक्के अरेबिका' असं कुणी सांगितलं, तर विचारा, "बरं, पण कुठल्या मळ्यातली आणि भाजली कधी?" आणि रोबस्टाच्या पाकिटालाही नेमकं हेच विचारा.