हक्कसोडपत्रावरील घाईची सही : एका भावाच्या पत्राचे समर्थन

वडिलांच्या मिळकतीतील आपला हिस्सा बहिणीने कायमचा सोडून देण्याचा जो दस्त केला जातो, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. वडिलांचे दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच असा दस्त तयार करून बहिणीपुढे ठेवला जाण्याची रीत महाराष्ट्राच्या गावोगावी रुळलेली आहे. अशा वेळी धाकट्या भावाने ताईला पत्र लिहून ‘घाईने सही करू नकोस’ असे कळवले, तर घरात त्याच्यावर फितुरीचा आरोप येतो. ते पत्र कुटुंबाच्या विरोधात नसून कुटुंबाच्या हिताचे आहे, हे येथे प्रतिपादायचे आहे. परंतु त्याआधी घाईच्या बाजूने जे सांगितले जाते त्याचा नीट विचार केला पाहिजे.

विवेचनासाठी एक कुटुंब डोळ्यांपुढे घेऊ. वडिलांनी स्वतः खरेदी केलेली चार एकर, म्हणजे 160 गुंठे, जमीन आहे. मृत्युपत्र केलेले नाही. मागे आई, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि विवाहित मुलगी अशी चार माणसे आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस असून प्रत्येकाचा हिस्सा सारखा, म्हणजे 40 गुंठे, आहे. मुलीचे लग्न झालेले असणे या हिशेबात कोठेही येत नाही. जमीन वडिलोपार्जित असती तरी 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मापासून भागीदार, मानले आहे. आणि ही दुरुस्ती अमलात आली त्या 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची अट त्यासाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये स्पष्ट केले आहे.

पहिला पूर्वपक्ष असा की, सही लवकर झाली नाही तर सातबाऱ्यावर नावे लागणार नाहीत आणि पीककर्जापासून अनुदानापर्यंत सगळे अडेल. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय हक्कसोड हा नव्हे, तर वारसनोंद हा आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज केला की चौकशीनंतर चौघांचीही नावे फेरफाराने सातबाऱ्यावर येतात. मिळकतीतील हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी अशी अपेक्षा जमीन महसूल संहितेत आहे, परंतु ती मुदत हक्काची वर्दी देण्याची आहे, हक्क सोडण्याची नाही. हक्क सोडायला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही, आणि ताईने सही केली नाही एवढ्यावरून तिचा हिस्सा बुडतही नाही. घाईचे जे कारण दिले जाते, ते अशा रीतीने मुळातच घाईचे कारण ठरत नाही.

दुसरा पूर्वपक्ष असा की, लग्नात तिचे झाले, आता हिस्सा कशाला. लग्नाचा खर्च वारसाहक्कातून वजा करण्याची तरतूद उत्तराधिकार अधिनियमात नाही. मुलांच्या शिक्षणाचा किंवा त्यांच्या धंद्याला दिलेल्या भांडवलाचा खर्चही कोणी त्यांच्या वाट्यातून वजा करत नाही. जो हिशेब मुलांना लागू होत नाही, तो एकट्या मुलीला लावणे न्यायाचे नव्हे.

तिसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे आणि त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. बहिणीचा हिस्सा कायम राहिला तर जमीन सासरच्या किंवा परक्याच्या हाती जाईल, ही भीती शेतकरी कुटुंबात मनापासूनची असते. परंतु या भीतीची दखल कायद्याने आधीच घेतली आहे. अधिनियमाच्या कलम 22 नुसार, बरोबरीने वारसा मिळालेल्यांपैकी एखाद्याला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो आधी घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे, आणि हे कलम शेतजमिनीलाही लागू पडते असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले आहे. शिवाय वडिलांकडून आलेली मिळकत असलेली स्त्री अपत्याविना आणि मृत्युपत्राविना वारली, तर ती मिळकत पतीकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परत येते. अपत्ये असतील तर ती त्यांना मिळेल हे खरे. पण ती त्याच आजोबांची नातवंडे आहेत, त्यांना परके कसे म्हणावे?

आता दस्ताकडेच वळू, कारण घाईचा खरा धोका त्याच्या मजकुरात असतो. प्रचलित मसुद्यांत दोन जागा विशेष वाचण्यासारख्या असतात. एक म्हणजे हक्क कोणाच्या लाभात सोडला ही जागा. वरील उदाहरणात तेथे फक्त थोरल्याचे नाव असेल तर त्याचे 40 गुंठे 80 होतात, धाकटा आणि आई आहेत तेथेच राहतात. तिघांच्याही लाभात सोडला तर प्रत्येकाकडे सुमारे 53 गुंठे येतात. ‘भावांसाठी सोडते’ असे ताई समजत असते आणि कागद एकाच भावासाठी असतो, असे घडू शकते. आईचा हिस्सा वाढावा असे तिला वाटत असेल तर तेही दस्तातच लिहावे लागते. दुसरी जागा मिळकतींच्या यादीनंतरची. ‘व नजरचुकीने नमूद करावयाच्या राहिलेल्या इतर सर्व मिळकती’ असे एक वाक्य तेथे घातलेले आढळते. त्या एका ओळीने गावठाणातले घर, तालुक्याचा प्लॉट आणि ताईला ठाऊकही नसलेली जमीन यांवरचाही दावा संपल्याचे पुढे सांगता येते. ‘पुढे तुला एक प्लॉट देऊ’ असा तोंडी शब्द दिला असेल आणि दस्तात ‘विनामोबदला’ असे छापले असेल, तर वादाच्या वेळी त्या शब्दाचा पुरावा देणे फार कठीण जाते.

दुय्यम निबंधकापुढे नोंदणी होते म्हणून कोणीतरी तपासून घेतले असेल, हा समजही चुकीचा आहे. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडणारा दस्त नोंदवावाच लागतो. पण निबंधक मुख्यतः ओळख पटवतो, दस्त स्वतः करून दिल्याची कबुली घेतो, छायाचित्र आणि अंगठा घेतो. वाटणी न्याय्य आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नाही. नोंदणी झाल्यावर मन बदलले म्हणून दस्त रद्द होत नाही. फसवणूक किंवा दडपण दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठीही ती गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांचीच मुदत असते. पुढे त्या जमिनीतून रस्ता गेला, तरी भूसंपादनाच्या मोबदल्यात ताईचा वाटा उरत नाही. आणखी एक परिणाम क्वचितच सांगितला जातो: तिच्या नावावर दुसरी शेतजमीन नसेल तर हा हिस्सा सोडल्याने शेतकरी म्हणून असलेली तिची ओळखच धोक्यात येते आणि पुढे महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेणे तिला सर्वसाधारणपणे अशक्य होते.

धाकट्या भावाच्या पत्रालाही एक मर्यादा आहे आणि ती त्याने प्रामाणिकपणे लिहावी. थांबणे म्हणजे वर्षानुवर्षे गप्प बसणे नव्हे. सहहिस्सेदाराचा नुसता कब्जा ताईच्या हक्काला बाधत नसला, तरी तिचा हक्क उघडपणे नाकारून कोणी बारा वर्षे वहिवाट केली, तर वाद अवघड होतो. म्हणून तिने आधी वारसनोंद करून घ्यावी, सर्व गटांचे सातबारे आणि घराच्या मिळकतपत्रिका काढाव्यात, आणि मसुदा भावांच्या नव्हे तर स्वतःच्या वकिलाला दाखवावा. हे सर्व पाहिल्यावर तिला हिस्सा सोडावासा वाटला तर तो तिचा अधिकार आहे. कोणाच्या लाभात, कोणत्या गटापुरता आणि आईच्या निर्वाहाची कोणती सोय लिहून, हेही तिनेच ठरवायचे आहे. ज्या भावांचा हेतू स्वच्छ आहे त्यांनी मसुद्याची प्रत ताईच्या हाती देऊन ती वाचायला तिला महिनाभर द्यावा, आणि तोवर नोंदणीची तारीख घेऊ नये.